साबणाचं दळण: कोल्हापुरातल्या लॉजमालकांना खुलं पत्र

प्रति,
अंबाबाई मंदिर, महाद्वार रोड, बिंदू चौक आणि मध्यवर्ती बसस्थानक परिसरातले सर्व लॉज व छोट्या हॉटेलांचे मालक-चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. ताराबाई रोडच्या बाजूला बावीस खोल्यांचा लॉज चालवतो. आपलं गिऱ्हाईक तुम्हाला सांगायला नको. रात्री नऊला गाडी येते, माणसं जेवून झोपतात, पहाटे उठून अंघोळ करून देवीच्या दर्शनाला जातात, आणि जोतिबाला जायचं म्हणून दहाच्या आत खोली सोडतात. एका खोलीत दोन अंघोळी, फार तर चार. आपण मात्र त्या खोलीत दोन साबण, दोन शांपूच्या पुड्या, कंगवा, ब्रश आणि छोटी पेस्ट असं सगळं मांडून ठेवतो. खोली सुटली की रूमबॉय न्हाणीघरातलं सगळं एका हाताने गोळा करून काळ्या पिशवीत टाकतो. अर्धी वडी, न फोडलेली पुडी, एकदाच वापरलेला ब्रश, सगळं एकत्र.

गेल्या वर्षी पावसाळ्यात धंदा मंद होता तेव्हा मी एक महिना ही पिशवी वेगळी काढून वजन केलं. तो महिना, त्यानंतर केलेल्या चुका आणि शेवटी जमलेली एक गोष्ट, एवढंच या पत्रात आहे. शेवटी तुमच्याकडं एक मागणंही आहे.

त्या महिन्यात साधारण ४०० खोल्या गेल्या, म्हणजे बावीस खोल्या आणि तीस दिवस धरले तर साठ टक्क्यांच्या आसपास. खोलीमागे १५ ग्रॅमच्या दोन वड्या, म्हणजे ८०० वड्या, १२ किलो साबण. खोल्यांतून परत आलेला ओला साबण भरला ७ किलो २०० ग्रॅम. तो सुकल्यावर ६ किलो १०० ग्रॅम उरला. याचा अर्थ आपण पैसे देऊन आणलेल्या साबणातला निम्मा आपणच कचऱ्याच्या गाडीत घालत होतो. बरं, जो निम्मा 'वापरला' गेला, त्यातलाही काही गिऱ्हाइकाच्या पिशवीतून गावाला गेला असणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो कुणीतरी अंगालाच लावणार.

माझा पहिला विचार अगदी कोल्हापुरी होता. आपण गुऱ्हाळाच्या मुलखातले. रस कायलीत आटवून गूळ होतो, तर साबण पातेल्यात वितळून वडी का होणार नाही? मागच्या अंगणात गॅस लावला, पातेल्यात दोन किलो तुकडे आणि थोडं पाणी घातलं आणि ढवळत बसलो. तासाभरानं पातेल्यात जे होतं त्याला पिठलंच म्हणावं लागेल, तेही गुठळ्या झालेलं. बाजारातला अंघोळीचा साबण मेणासारखा वितळत नाही. कारखान्यात तो दाबून, रोलरमधून काढून, घट्ट करून छापलेला असतो. उष्णता आणि पाणी दिलं की तो फुगतो, चिकट होतो, तळाला लागतो, पण धड पातळ होत नाही. तरीही ते पिठलं साच्यात भरलं. आठ दिवसांत घातलेलं पाणी उडालं आणि वड्या आक्रसून मध्ये खड्डा पडला, कडा वाकल्या. वर केस दिसत होते ते वेगळंच.

तेव्हा जरा वाचलं, विचारलं. अमेरिकेत ऑर्लँडोला 'क्लीन द वर्ल्ड' नावाची संस्था २००९ पासून हॉटेलांतला साबण गोळा करून पुन्हा वड्या बनवते. त्यांचीही सुरुवात गॅरेजमध्ये बसून, बटाटे सोलायच्या सोलण्यानं वड्यांची वरची साल काढण्यापासून झाली. आपल्या मुंबईतही 'सुंदरा' नावाची संस्था हॉटेलांतल्या साबणाच्या नव्या वड्या करून गरजू वस्त्यांत देत आली आहे. पण अशा कामाला गाडी भरेल एवढा साबण लागतो. माझे महिन्याचे सहा किलो न्यायला कुणी मुंबईहून गाडी पाठवणार नाही. तुमचेही नाही. छोट्या लॉजचं दुखणं हेच आहे. फेकून द्यायला तो साबण जास्त होतो आणि कुणी न्यायला यावं म्हटलं तर कमी पडतो.

मग न वितळवता, नुसता दाबून बघायचं ठरवलं. हे जमलं, म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट सुकवणं. ओला साबण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की दोन दिवसांत त्याचा लगदा होतो आणि घाण वास येतो. आमच्याकडं रूमबॉयच्या ट्रॉलीला आता भाजीची जाळीची टोपली अडकवलेली असते. रॅपर काढायचं आणि वडी टोपलीत टाकायची. संध्याकाळी ती गच्चीच्या जिन्याखाली सावलीत, जाळीवर एकेक सुटी पसरायची. उन्हात ठेवू नका, वरून तडकते आणि आतून ओली राहते. कोरड्या हवेत आठवडा, पावसाळ्यात दोन आठवडे लागतात. सुकली का ते कळायला सोपं आहे: पातळ झालेली वडी वाकवून बघा. वाकली तर अजून ओली आहे, कट्कन मोडली तर झाली.

मग सोलणं. सुरीनं किंवा सोलण्यानं वरचा पातळ थर काढायचा. केस, वाळू, टाइलचा मळ सगळा त्या थरातच असतो. ६ किलो १०० ग्रॅममधून माझे ८०० ग्रॅम सालीत गेले, ५ किलो ३०० राहिले. पारदर्शक ग्लिसरीनच्या वड्या याच वेळी वेगळ्या काढा. त्या हवेतलं पाणी ओढतात, आणि त्यांचा एक तुकडा जरी मिसळला तरी वडीला तिथं घाम फुटतो.

नंतर किसणं. आधी मी नुसते तुकडे करून दाबले होते. वडी दिसायला झकास आली, पण चौथ्या दिवशी भाकरीला पडतात तशा भेगा पडल्या. कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे वेगवेगळे सुकतात आणि जिथं जोड असतो तिथं सोडून देतात. किसणीवर बारीक किसलं की हा प्रश्न बराच मिटतो. किलोभर किसाला साधारण अर्धी वाटी पाणी शिंपडायचं, हातानं कालवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं, कणीक मुरवतो तसं. सकाळी मूठभर किस हातात दाबून बघायचा. लाडवासारखा वळला आणि बोटांतून पाणी सुटलं नाही तर बरोबर. भुगा झाला तर अजून थोडं पाणी शिंपडा, बोटाला चिकटला तर तासभर उघडा ठेवा.

दाबायचं यंत्र उद्यमनगरातल्या एका कारागिरानं करून दिलं: लोखंडी चौकट, त्यात गाडीचा हायड्रॉलिक जॅक, आणि खाली स्टेनलेस स्टीलचा साचा. ॲल्युमिनियमचा साचा घेऊ नका. साबण अल्कधर्मी असतो, ॲल्युमिनियम काळं पडतं आणि तो काळा डाग वडीला लागतो. १०० ग्रॅमची वडी दाबून मिनिटभर तशीच धरायची, मग काढून दोन आठवडे हवेवर ठेवायची. ५ किलो ३०० ग्रॅमच्या पन्नासेक वड्या झाल्या. रंग गुलाबी, हिरवा, पांढरा असा चट्ट्यापट्ट्यांचा. वास सगळ्या कंपन्यांचा मिळून.

आमच्या खोल्या झाडणाऱ्या मावशी हा सगळा उद्योग कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "मालक, ह्ये तुमास्नी आत्ता सुचलं व्हय? आमी धा वर्सं ह्याच साबणानं कापडं धुतोय." खरंच होतं. त्या रोज चार-दोन तुकडे घरी नेत होत्या आणि मी ते मोजलेच नव्हते. तेव्हा एक विनंती आधीच करतो: तुमच्याकडं कामवाल्या बायका असे तुकडे नेत असतील, तर या पत्रामुळं ते बंद करू नका.

आता या वड्यांचं करायचं काय? इथं मी अडखळलो, आणि तुम्हीही अडखळाल. त्या वड्या पुन्हा गिऱ्हाइकाला अंघोळीला देता येत नाहीत. लोकांना किळस येईल हे एक कारण, आणि कायदा हे दुसरं. अंघोळीचा साबण आपल्याकडं सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात मोडतो. तो विकायला किंवा वाटायला बनवायचा तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणं परवाना लागतो. 'वाटायला' हा शब्द लक्षात ठेवा. अनाथाश्रमाला किंवा झोपडपट्टीत फुकट देणंसुद्धा त्यात येतं. हेतू कितीही चांगला असला तरी जिन्याखाली दाबलेली वडी कुणाच्या लेकराच्या अंगाला लावायला देऊ नये असं माझं मत आहे. ज्या संस्था हे काम रीतसर करतात त्या किसाचं निर्जंतुकीकरण करतात, नमुने तपासतात. आपण ते करत नाही.

निर्जंतुकीकरणावरून एक धोका. कुणी म्हणेल, ब्लीच शिंपडलं की झालं. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड आपल्याकडं बहुधा एकाच कपाटात असतं. ते दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. साबण किसायची जागा आणि ॲसिडचं कपाट वेगळं ठेवा, आणि ब्लीचच्या वाटेला जाऊच नका.

म्हणून आमच्या वड्या लॉजच्याच कामाला जातात: पोछे, पायपुसणी, डस्टर, आणि कधी एखाद्या बादलीचा बुडखा घासायला. चादरी मात्र यात धुवायला गेलात तर फसाल. मी फसलो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होऊन न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. तो कापडाच्या धाग्यात बसतो आणि पाच-सहा धुण्यांत पांढरी चादर राखाडी दिसायला लागते. मशीनमध्ये फेस उतू जातो ते वेगळं. चादरींना डिटर्जंटच हवं. भांड्यांनाही हा साबण नको, चहाच्या कपाला गुलाबाचा वास येतो.

यानंतर एक साधा हिशेब डोक्यात आला, जो खरं तर पहिल्या दिवशी यायला हवा होता. पोछे-पायपुसण्यांना महिन्याला मला दोन किलोच्या आसपास साबण लागतो. उरत होता पाच किलोंच्या वर. म्हणजे मी उरलेला साबण सोलत-किसत बसण्यापेक्षा तो उरूच का देत होतो?

पुढच्या महिन्यात खोलीत एकच वडी ठेवली. न्हाणीघराच्या दारावर मराठी, कन्नड आणि हिंदीत चिठ्ठी लावली: 'आणखी साबण हवा असल्यास काउंटरवर मागा, लगेच मिळेल.' दोन रात्री राहणाऱ्याची वडी दुसऱ्या दिवशी बदलायची नाही. रॅपर न फोडलेली कोरडी वडी पुन्हा ट्रॉलीत ठेवायची. पुन्हा ४०० च्या आसपासच खोल्या गेल्या. वड्या लागल्या ४७०, म्हणजे सत्तर जणांनी दुसरी मागून घेतली. कुरकुर एकानं केली. सुकल्यानंतर उरलेला साबण भरला २ किलो ४०० ग्रॅम. मला वडी तीन रुपयांना पडते. ३३० वड्या वाचल्या, म्हणजे महिन्याला हजाराच्या घरात पैसे. शिवाय पोछ्याचा साबण विकत आणणं बंद झालं.

शांपूच्या पुडीचं गणित वेगळं आहे. ती पुडी थरांची असते, दोन-तीन प्रकारचं प्लॅस्टिक एकमेकांना चिकटवलेलं, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यात प्लॅस्टिकच्या काडीचे कान कोरायचे बोळे आहेत, पण शांपूची पुडी नाही. तेव्हा कायदा आपल्याला पुडी बंद करायला लावत नाही. मी ती बंद केली कारण अर्धी पुडी खोलीत सांडते आणि टाइलवरून माणूस घसरतो.

तिच्या जागी भिंतीवर पंपाच्या बाटल्या लावल्या, आणि तिथं माझी सगळ्यात मोठी चूक झाली. एका पुरवठादाराकडून शांपूचा मोठा कॅन घेतला. शांपू घट्ट होता, पंपातून नीट येईना. आमच्या पोरानं डोकं चालवून त्यात नळाचं पाणी घातलं आणि बाटली निम्मी झाली की वरून भरत राहिला. दिवस श्रावणाचे. बारा-पंधरा दिवसांत एका बाईंनी काउंटरवर येऊन सांगितलं की शांपूला ओल्या फडक्यासारखा वास येतोय. बघितलं तर वर पाणी, खाली गाळ, आणि पंपाच्या तोंडाला बुळबुळीत चिकटा. अकरा बाटल्या ओतून द्याव्या लागल्या.

शांपू किंवा हात धुवायचं द्रव म्हणजे जंतू मारणारी गोष्ट, असा आपला समज असतो. तसं नाही. त्यात पाणी असतं, म्हणून तो सडू नये यासाठी संरक्षक द्रव्य मोजून घातलेलं असतं. आपण पाणी घातलं की ते मोजमाप बिघडतं, आणि स्यूडोमोनाससारखे ओलीत वाढणारे जिवाणू त्यातच घर करतात. वरून भरत राहिलं की जुन्या बाटलीतले जंतू नव्या शांपूत जातात आणि ही साखळी तुटतच नाही. साबणाच्या वडीत पाणी कमी असतं, ती दोन वापरांच्या मध्ये सुकते, त्यामुळं तिच्यात हा त्रास फारसा नसतो. उघड्या, वरून भरायच्या बाटलीत तो हमखास असतो.

आता खोल्यांच्या दुप्पट बाटल्या ठेवल्या आहेत. संपलेली बाटली पंपासकट खाली येते. गरम पाण्यानं आतून धुवायची, पंपातून गरम पाणी चार-पाच वेळा काढायचं, पूर्ण एक दिवस उलटी सुकवायची, मगच भरायची. तळाशी भरल्याची तारीख मार्करनं लिहायची. पाणी घालायचं नाही. शांपू घट्ट असेल तर पातळ शांपू मागवा, नाहीतर मोठ्या भोकाचा पंप घ्या. हे जमणार नसेल तर सीलबंद बदली पाउच बसणारे डिस्पेन्सर घ्या. महाग पडतात, पण त्यात कुणी पाणी घालू शकत नाही.

अंघोळीच्या साबणाला मात्र मी पंप लावला नाही, लावणारही नाही. आपल्याकडं येणाऱ्या आजींना हातात वडी लागते. भिंतीवरच्या बाटलीत काय आहे याचा त्यांना भरवसा नसतो, आणि माझ्या अकरा बाटल्या बघितल्यावर त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आता मागणं. साध्या महिन्यात उरलेला साबण ज्याच्या त्याच्या लॉजमध्ये जिरतो, हे मी बघितलं. पण नवरात्रात आणि मे महिन्यात तसं होत नाही. तेव्हा खोल्या रोज भरलेल्या असतात, एका खोलीत सहा-सहा माणसं असतात, आणि साबणाचे तुकडे टोपलीतून ओसंडतात. त्या दिवसांत किसायला माणूसही मोकळा नसतो. आणि प्रत्येक लॉजनं जॅक आणि साचा घेऊन ठेवावा हेही मला पटत नाही. महिन्यातून दोन तास चालणारं यंत्र पंचवीस जणांनी पंचवीस घ्यायचं कशाला?

आपण गिरणीत दळण टाकतो तसं हे करता येईल. आपल्या संघटनेनं एक जागा द्यावी, दहा बाय दहाची खोली पुरे, पण हवा खेळती हवी. माझं यंत्र मी तिथं आणून ठेवतो. ज्यानं त्यानं आपला सुकलेला साबण आणावा, वजन करून वहीत लिहावा, आणि सोलल्यावर भरेल तेवढ्या वजनाच्या पोछ्याच्या वड्या घेऊन जाव्यात. विक्री नाही, दान नाही, प्रत्येकाचा साबण प्रत्येकाच्याच पायपुसण्याला. सोलायला-किसायला आपल्याच लॉजमधल्या दोन बायकांना तासावर मजुरी द्यावी आणि ती वजनाप्रमाणं सगळ्यांत वाटून घ्यावी. मी धरून पंचवीस लॉज आले आणि प्रत्येकाचा माझ्याएवढा, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम साबण आला, तर महिन्याला ६० किलो होतात. त्यासाठी दोघींना चार-पाच दिवसांचं काम आहे. नवरात्रानंतरच्या महिन्यात जास्त.

पंपाच्या शांपूचंही एकत्र बोलता येईल. सीलबंद पाउच एकेकट्यानं घेतले तर महाग पडतात, पंचवीस जणांनी मिळून मागवले तर दर खाली येईल. पण ते नंतरचं. आधी साबण.

संघटनेची जागा ठरेपर्यंत आमच्या लॉजच्या मागच्या बाजूला दर बुधवारी दुपारी दोन ते पाच यंत्र चालू असतं. मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या गर्दीमुळं मला सवड नसते. ज्याला बघायचं असेल त्यानं आपला आठवड्याचा साबण घेऊन यावं. रॅपर काढून, सुकवून, जाळीच्या पिशवीत. ओला प्लॅस्टिकमध्ये बांधून आणलात तर परत पाठवीन, आधीच सांगून ठेवतो.

आपला,
ताराबाई रोडवरचा एक लॉजवाला